झबल्याच्या लाल किनारीचा रंग

माझी भाची ठाण्यात घरच्या घरी तान्ह्या बाळांचे कपडे शिवते: झबली, लंगोट, टोपडी, दुपटी. जुलैमध्ये तिच्या एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. पांढऱ्या मलमलच्या झबल्याच्या गळ्याला आणि बाह्यांना लाल पट्टी होती, आणि त्याच्यासोबत धुतलेले दोन लंगोट गुलाबी झाले होते. खाली लिहिलं होतं, "ताई, घामाने बाळाच्या मानेलाही रंग लागतोय, आणि बाही तर ती सारखी चोखते." भाचीने मला फोन केला, कारण माझी नोकरीची सगळी वर्षं डायहाउसच्या, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत गेली. "मावशी, मी तर अझो-फ्री लिहिलंय गं. दुकानदाराने तसंच सांगितलं होतं."

तिची जाहिरात मी वाचली. 'सॉफ्ट कॉटन, ० ते ३ महिने, अझो-फ्री पक्के रंग.' शेवटच्या तीन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या. रंग कपड्यावर टिकतो का, हा एक प्रश्न. तो रंग मुळात कशाचा बनलाय, म्हणजे 'अझो' जातीचा आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घरी मिळतं, दुसऱ्याचं मिळत नाही.

आधी टिकण्याचं बघू. आज सुती कपडा बहुतेक वेळा रिॲक्टिव्ह रंगाने रंगवतात. १९५६ साली बाजारात आलेले हे रंग सुताच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध करतात, म्हणजे रंगाचा रेणू धाग्याचाच भाग होऊन जातो. पण रंगाच्या टाकीत पाणीही असतं, आणि तो रंग पाण्याशीही तितक्याच हौसेने जोडला जातो. पाण्याशी जोडलेला रेणू धाग्याशी बंध करण्याची ताकद गमावून बसतो आणि नुसता धाग्यात अडकून राहतो. असा वाया गेलेला रंग थोडाथोडका नसतो, काही शेडमध्ये एक तृतीयांशाच्या आसपासही जातो. म्हणून रंगाईनंतर कपडा उकळत्याच्या जवळपास तापलेल्या पाण्यात साबण घालून पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. त्याला आम्ही सोपिंग म्हणतो. यात पाणी, वाफ आणि वेळ खर्च होतो, त्यामुळे घाईच्या लॉटमध्ये पहिली काटछाट इथेच होते. मग तो उरलेला रंग गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो.

दुसरी जात डायरेक्ट रंगांची. ते स्वस्त असतात आणि रंगाईही सोपी असते, पण ते सुताला नुसते चिकटून बसतात, पक्का बंध करत नाहीत. ते प्रत्येक धुण्यात थोडे थोडे सुटत राहतात. बायस पट्टी, नाडी, भरतकामाचा रेयॉनचा धागा असल्या किरकोळ मालात ते अजून सर्रास सापडतात.

रंग जाण्याची ही दोन कारणं घरीच वेगळी ओळखता येतात. मी भाचीला त्या लाल पट्टीचा वीतभर तुकडा घ्यायला सांगितलं. तो तितक्याच मोठ्या पांढऱ्या सुती चिंधीला टाचून, हाताला सोसेल इतक्या गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा. मग चिंधी काढायची, तिच्यावर पेन्सिलीने १ लिहायचं, पट्टी खळबळून नवी चिंधी टाचायची आणि पुन्हा तेच. असं चार वेळा. चिंध्या वाळल्यावर उजेडात शेजारी शेजारी मांडायच्या. पहिली गडद, दुसरी फिकी आणि तिसरी-चौथी स्वच्छ असेल, तर रंग रिॲक्टिव्ह असून सोपिंग कमी पडलेलं असतं, आणि दोन-तीन गरम धुण्यांनी कपडा सुधारतो. चारही चिंध्या जवळपास सारख्याच गुलाबी असतील, तर तो रंग कधीच थांबणार नाही.

भाचीच्या चारही चिंध्या गुलाबी निघाल्या. मलमल तर पांढरीच होती. तिच्याच साठ्यातल्या एका निळ्या कापडावर हाच प्रयोग केला, तेव्हा तिसरी चिंधी कोरी आली. गडबड फक्त वेगळ्या दुकानातून आणलेल्या लाल पट्टीत होती.

मधल्या काळात तिच्या सासूबाईंनी पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवली होती, आणि त्या बादलीत रंग उतरला नाही म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं होतं. घरोघरी केला जाणारा हा उपाय आहे, त्यामुळे त्यामागचं कारण नीट सांगते. पाण्यात भिजलेल्या सुतावर ऋण भार येतो, आणि या रंगांचे रेणूही ऋण भाराचेच असतात, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. मीठ हा विरोध झाकून टाकतं, आणि रंग धाग्याकडे सरकतो. म्हणूनच डायहाउसमध्ये रंगाच्या टाकीत लिटरमागे पन्नास-पन्नास ग्रॅम मीठ पडतं. पण मीठ नवा बंध घडवत नाही. जोवर मीठ आहे तोवर रंग दबून बसतो, साध्या पाण्यात गेला की पुन्हा सुटतो. म्हणजे मिठाने रंग पक्का होत नाही, फक्त चाचणी फसते. तुरटीचा उपयोग मंजिष्ठासारख्या नैसर्गिक रंगांना होतो. या पट्टीवर तिचा काही परिणाम नाही.

बाळाच्या बाबतीत धुण्याइतकाच घाम आणि लाळेचा प्रश्न असतो. प्रयोगशाळेत त्यासाठी वेगळी चाचणी आहे. कृत्रिम घामात भिजवलेला कपडा पांढऱ्या कापडाला लावून, दोन सपाट प्लेटांमध्ये पाच किलो वजनाखाली, ३७ अंश तापमानाला चार तास ठेवतात. मग पांढऱ्या कापडावरचा डाग करड्या पट्ट्यांच्या मोजपट्टीशी ताडून १ ते ५ गुण देतात, ५ म्हणजे डागच नाही. घरी याच्या जवळपास जाता येतं. लिटरभर पाण्यात सपाट चमचाभर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घ्या. कपडा आणि पांढरी चिंधी त्यात भिजवून, पिळून, एकावर एक ठेवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि वर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून रात्रभर सोडा. इथे मीठ आहे ते घामाइतकंच, टाकीतल्याच्या एक दशांश. पट्टीखालच्या चिंधीवर सकाळी तिची अख्खी आकृती उमटली होती.

जुलैतच तक्रार का आली, तेही याच चाचणीत दिसतं. ठाण्याच्या पावसात कपडे वाळत नाहीत. ओलं झबलं ओल्या लंगोटावर टबात तासन् तास पडून राहतं. थोडं पाणी, वरून दाब आणि भरपूर वेळ, म्हणजे आमची चाचणीच झाली. बादलीभर पाण्यात जो रंग पातळ होऊन वाहून गेला असता, तो ढिगात शेजारच्या कपड्यात मुरतो.

आता 'अझो-फ्री'. नत्राचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, तो अझो जोड. जगातल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून जास्त रंगांत तो असतो, आणि लाल, नारिंगी, पिवळे रिॲक्टिव्ह रंग तर बहुतेक अझोच आहेत. म्हणून लाल सुती कपड्यावर 'अझो-फ्री' लिहिलेलं दिसलं की ते बहुधा चुकीचं असतं. सगळे अझो रंग धोक्याचेही नाहीत. हा जोड शरीरातले किंवा त्वचेवरचे जिवाणू तोडू शकतात. तुटल्यावर काय निघतं, यावर सगळं अवलंबून आहे. काही मोजक्या रंगांतून बेंझिडीनसारखी घातक नत्रयुक्त रसायनं, म्हणजे अमाइन, सुटतात, आणि बेंझिडीनमुळे रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे पूर्वीच सिद्ध झालं आहे. सुताला सहज बसणारा पहिला डायरेक्ट रंग, १८८४ सालचा काँगो रेड, बेंझिडीनचाच. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली आणि भारतानेही १९९० च्या दशकात ११२ रंग बंद केले. युरोपात आज कपड्याच्या एका किलोत प्रत्येक घातक अमाइनची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

हे घरी कळत नाही. प्रयोगशाळेत कपड्याचा तुकडा ७० अंशांना हायड्रोसोबत ठेवून अझो जोड मुद्दाम तोडतात आणि सुटलेले अमाइन यंत्रावर मोजतात. हायड्रो म्हणजे बिघडलेली शेड उतरवायला डायहाउसमध्ये वापरतो तेच. रंग जाणारा कपडा विषारीच असेल असं नाही, आणि अजिबात रंग न जाणारा कपडा या चाचणीत नापास होऊ शकतो. पण बाळाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकमेकींना भिडतात, कारण सुटलेला रंगच शरीरात जातो. तीन किलोच्या बाळाची त्वचा साधारण ०.२ चौरस मीटर भरते, साठ किलोच्या बाईची १.६. दर किलो वजनामागे हिशेब केला तर बाळाची त्वचा अडीच पट होते. मोठ्यांच्या कॉलरचा रंग मानेला लागणं आणि बाळाच्या गळपट्टीचा लागणं या सारख्या गोष्टी नाहीत. त्या आईला मात्र मी हेही कळवायला सांगितलं की दोन-चार वेळा चोखण्याने काही झालं असं समजू नका. हा धोका लांबच्या मुदतीचा असतो. झबलं आता घालू नका, एवढं पुरे.

भाचीला म्हटलं, दुकानदाराकडे शब्द मागू नकोस, अहवाल माग. त्यावर शेडचं नाव, लॉट, तारीख आणि अमाइनची चाचणी असली पाहिजे. एका शेडचा अहवाल दुसऱ्या शेडला चालत नाही. घाटकोपरच्या बीटीआरए या कापड संशोधन संस्थेत किंवा प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटीत कापड तपासून मिळतं. लाल पट्टीवाल्याकडे काहीच नव्हतं, त्यामुळे पट्टी गेली. निळ्या आणि हिरव्या कापडाचे अहवाल दोन दिवसांत आले.

मग जाहिरातीतला बाकीचा मजकूरही बदलला. 'सॉफ्ट' हा शब्द मी काढायला लावला, कारण दुकानातला मऊपणा पुष्कळदा सॉफ्टनरचा असतो आणि धुण्यात निघून जातो. ती आता कपडा तीन वेळा धुऊन मग हात लावून बघते. आपल्याकडे बाळाचं पहिलं झबलं आजीच्या जुन्या लुगड्याचं शिवत, त्यात हाच फायदा होता: सुटायचा तो रंग आणि खळ वर्षानुवर्षांच्या धुण्यात निघून गेलेली असे, आणि सूत वापराने नरम झालेलं असे. वयाच्या जोडीला तिने सेंटिमीटर दिले, कारण तीन महिन्यांची दोन बाळं एका मापाची नसतात. नवा मजकूर असा:

"मलमल झबलं, बाळाची उंची ६२ सेंमीपर्यंत (साधारण ३ महिने). छाती ४६ सेंमी, धुऊन आटवलेल्या कापडाची. शिवण बाहेरच्या बाजूला, गळ्याला नाडी नाही. निळी व हिरवी किनार, दोन्ही शेडचा अमाइन चाचणी अहवाल मागितल्यास मिळेल. घालण्याआधी दोनदा कोमट पाण्यात साबणाने धुवा, मीठ घालू नका. ओले कपडे ढिगात ठेवू नका."

पिवळ्या किनारीची झबली शिवून तयार आहेत. त्या शेडचा अहवाल अजून आलेला नाही, म्हणून ती कपाटातच आहेत.