आबादीतल्या घराचा नकाशा परत का येतो?

भंडारा, नागपूर, वर्धा, चंद्रपूर या भागांतल्या खेड्यात घर बांधायला काढलं की पहिला कागद निघतो तो ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना ८. त्यात लिहिलेलं असतं ३० बाय ५० फूट, आणि इंजिनियर त्यावरून सरळ चौकोन आखतो. मी या भागात घरांचे नकाशे काढतो. परत आलेले नकाशे पाहताना मला बहुतेक वेळा घराच्या खोल्यांत चूक सापडत नाही. चूक असते ती बाहेरच्या जाड काळ्या रेषेत, म्हणजे जागेच्या हद्दीत. या चुकीची मुळं मालगुजारीच्या काळापर्यंत जातात.

वऱ्हाडात रयतवारी होती, तर नागपूर प्रांतात मालगुजारी, म्हणजे अख्ख्या गावाचा सारा मालगुजार सरकारात भरे. मालगुजारी गावात वस्तीची जागा, म्हणजे आबादी, मालगुजाराची मानली जाई. कुणी घर बांधायचं म्हटलं की तो जागा दाखवून देई आणि लोक भिंती घालत. जुन्या जमीन-बंदोबस्ताच्या वेळी शेतांची मोजणी झाली, कारण सारा शेतावर होता. त्यामुळे गावनकाशात प्रत्येक शेताला खसरा नंबर आणि हद्द मिळाली. आबादीचा मात्र एकच तुकडा दाखवला गेला आणि आत कुणाचं घर कुठे संपतं याची रेषा आलीच नाही. ती काढली असती तरी वाचता आली नसती. १६ इंचांना एक मैल या प्रमाणाच्या नकाशावर ३० फुटांची जागा जेमतेम २.३ मिलिमीटर भरते.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. त्यात गावातली घरं, विहिरी आणि वापरातली आवारं ज्यांची होती त्यांच्याकडेच राहिली आणि त्यांच्याखालची व लगतची जागा सरकारने त्यांच्याच नावे कायम करायची असं ठरलं. लगतची म्हणजे किती? सांदवाडी, म्हणजे घरालगतची मोकळी जागा, धरायची का, बैलगाडी वळायची ती मोकळी जागा कुणाची, हे सांगणारी रेषा कुठल्याच नकाशावर नव्हती. माझ्या मते पुढच्या सगळ्या घोळाचं बीज इथेच आहे.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५८ चा ग्रामपंचायत कायदा इथेही लागू झाला. त्याच्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाआधी पंचायतीची परवानगी लागते. पंचायतीजवळ जागेची नोंद म्हणून होती ती घरपट्टीची वही, तोच नमुना ८. ही वही कर बसवण्यासाठी आहे, ती मालकीचा पुरावा नाही. तिच्यातली मापं बहुधा घरमालकाने सांगितलेली किंवा पावलांनी मोजलेली असतात, तीही गोल आकड्यांत. तरी पिढ्यानपिढ्या तोच कागद सातबाऱ्यासारखा जपला गेला.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर घरमालकाने मालकीचे कागद, जागेचा मोजणी नकाशा, घराचा नकाशा आणि परवानाधारक इंजिनियरचा दाखला पंचायतीकडे द्यायचा. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत त्याच कागदांवर पंचायतीने दहा दिवसांत परवानगी द्यायची. नगररचना कार्यालयाचा हेलपाटा वाचला, हे चांगलंच झालं. पण पूर्वी तिथला अधिकारी जी चूक पकडायचा, ती आता इंजिनियरच्या सहीखाली जाते. सही करणाऱ्याने जागेवर टेप धरली नसेल तर ती चूक शेजारी पकडतो, तीही पायाच्या खड्ड्यात उभं राहून.

भंडारा जिल्ह्यातल्या एका गावचं प्रकरण सांगतो. दोघा भावांना बापाच्या मातीच्या घराजागी पक्कं घर बांधायचं होतं. नमुना ८ मध्ये ३० बाय ५०, म्हणजे १,५०० चौरस फूट. पहिल्या नकाशात घर २६ बाय ४० फूट होतं, पुढे-मागे पाच-पाच फूट मोकळे आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन. समोर ‘रस्ता १५ फूट’ लिहिलं होतं. मागच्या शेजाऱ्याने हरकत घेतली की हे घर माझ्या गुरांच्या कोठ्यात शिरतं. ग्रामसेवकाने नकाशा परत केला आणि भाऊ माझ्याकडे आले. थोरला म्हणाला, “भाऊ, कागदावर पन्नास फूट लिहून आहे ना, मंग?”

आम्ही जागा मोजली. समोरची बाजू भरली साडेअठ्ठावीस फूट, मागची ३१, पश्चिमेची ४९ आणि पूर्वेची ४६. फक्त चार बाजूंवरून जागेचा आकार पक्का होत नाही. त्याच चार मापांची चौकट तिरकी ढकलली तर क्षेत्र बदलतं. म्हणून कर्ण मोजावाच लागतो. तो ५४ फूट १ इंच आला. दोन त्रिकोण करून क्षेत्र काढलं तेव्हा सुमारे १,४०० चौरस फूट, म्हणजे १३० चौरस मीटर निघालं. शंभर फुटांची तूट त्या वहीतच होती, ती कुणी बळकावलेली नव्हती. पूर्वेला ४६ फुटांत ४० फुटांचं घर आणि मागे-पुढे पाच-पाच फूट बसत नाहीत, चार फूट जास्त होतात. तेच चार फूट शेजाऱ्याच्या कोठ्यात जात होते. समोरची गल्लीही ११ फुटांचीच भरली.

नकाशात आणखी दोन उणिवा होत्या. जुनं मातीचं घर दाखवलंच नव्हतं. पाडायचं बांधकाम पिवळ्या रेघांनी आणि नवं लाल रंगाने दाखवायचं असतं, नाहीतर रिकाम्या जागेचा नकाशा प्रत्यक्ष जागेशी जुळत नाही. शिवाय नमुना ८ वर अजून वारलेल्या बापाचंच नाव होतं आणि अर्ज मात्र एकट्या थोरल्याचा.

आधी वारसांची नोंद केली आणि धाकट्याची सही घेतली. मग १:५०० चा जागेचा नकाशा नव्याने काढला. त्यात चारही बाजू, कर्ण, चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांची नावं आणि गल्लीची खरी रुंदी दाखवली. १:१०० च्या घराच्या नकाशात लांबी ३६ फुटांवर आणली. साडेअठ्ठावीस फुटांत २६ फुटांचं घर बसवलं की दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा-सव्वा फूट उरतो, तेवढ्या फटीतून खोलीला उजेड मिळत नाही. म्हणून घराच्या मधोमध १० बाय १० फुटांचा उघडा चौक ठेवला आणि आतल्या खोल्यांच्या खिडक्या त्यात काढल्या. एक खोली लहान झाली, धाकट्याला ते जड गेलं.

या गावात आबादीची मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेचा ड्रोन उडून गेला होता. मिळकत पत्रिकेवर १२९ चौरस मीटर होते, आमच्या मापाच्या अगदी जवळ. पण पत्रिका आहे म्हणून टेप न धरणं मला पटत नाही. ड्रोनला वरून छपराची पाख दिसते, भिंत दिसत नाही, म्हणून उड्डाणाआधी हद्दीवर चुना टाकतात. ज्या सांदवाडीत त्या दिवशी चुना पडला नाही, किंवा एकाच शेजाऱ्याने टाकला, तिथली रेषा अजूनही विचारूनच घ्यावी लागते.

दुसरा नकाशा देण्याआधी मागच्या शेजाऱ्याला जागेवर बोलावलं. त्याच्या कोठ्याच्या भिंतीपासून पाच फुटांवर खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि त्याने कागदावर सही केली.