गुडघा बदलल्यानंतरची फिजिओथेरपी: पॅकेज घ्यायचं की सुटी सेशन्स?

ऑपरेशन ठरलं की घरच्यांचा फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, "वीसचं पॅकेज केवढ्याला?" आमचं उत्तर ऐकून बरेच जण गोंधळतात, कारण आम्ही वीसचं पॅकेज पहिल्या दिवशी घेऊ नका म्हणतो. ते का, हे या पत्रकात सांगितलं आहे.

आधी दर. राजारामपुरीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये एका सेशनचे ४०० रुपये. घरी आलो तर ६०० रुपये, म्हणजे उपचाराचे ४०० आणि येण्याजाण्याचे २००. हा दर शहरातला आहे. उचगाव, शिये, कागल अशा बाजूला अंतराप्रमाणे वाढतो आणि तो आधी फोनवरच सांगतो. दहा सेशन्सचं पॅकेज क्लिनिकमध्ये ३,५०० रुपयांना आणि घरी ५,००० रुपयांना आहे. घरच्या वीस सेशन्सचं पॅकेज ९,००० रुपयांना.

आता घरच्या सेशन्सचा हिशेब. आठ सेशन्स सुटी घेतली तर ४,८०० रुपये होतात, नऊ घेतली तर ५,४००. म्हणजे नऊ किंवा जास्त लागणार असतील तरच दहाचं पॅकेज परवडतं. वीसचं पॅकेज सतराव्या सेशनपासून परवडतं. सोळापर्यंत दहाचं पॅकेज आणि वरची सुटी घेणंच स्वस्त पडतं.

पण नेमकी किती लागतील, हे ऑपरेशनच्या आधी आम्हालाही नक्की सांगता येत नाही. ऑपरेशनआधीच गुडघा जास्त आखडलेला असेल, तर नंतरही तो वाकायला वेळ घेतो. मधुमेह, जाडी, दुसराही गुडघा दुखत असणं, यानेही दिवस वाढतात. खरा अंदाज येतो तो दहाव्या सेशनला. रोज एक, रविवार सोडून, असं केलं तर तोवर साधारण दोन आठवडे झालेले असतात आणि टाके निघायची वेळ आलेली असते. त्या दिवशी आम्ही कोनमापकाने गुडघा मोजतो आणि आकडा तुमच्या कार्डावर लिहून देतो. गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकत असेल, पाय पूर्ण सरळ होत असेल आणि पडल्या पडल्या तो सरळ ठेवून उचलता येत असेल, तर बहुधा आणखी सहा सेशन्स पुरतात. एकूण सोळा, खर्च ८,६०० रुपये. वीसचं घेतलं असतं तर ४०० रुपये जास्त गेले असते.

याउलट, समजा मंगळवार पेठेतल्या एक काकू आहेत, वय ६६, मधुमेह, घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दहाव्या सेशनला गुडघा ७० अंशच वाकतो आणि सरळ व्हायला १० अंश कमी पडतात. बहुतेक वेळा कारण असतं दुखतं म्हणून गुडघ्याखाली ठेवलेली उशी. तिने बरं वाटतं खरं, पण पाय वाकडाच राहायला शिकतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. काकूंना आणखी चौदा सेशन्स लागतील असं धरू. सगळी २४ घरीच सुटी घेतली तर १४,४०० रुपये. दहाव्या सेशनला ४,००० रुपये भरून पॅकेज वीसचं करून घेतलं आणि वरची चार सुटी घेतली, तर ११,४०० रुपये. असं वाढवून घेता येतं, म्हणूनच पहिल्या दिवशी दहाचं घ्या म्हणतो.

तिसरा मार्ग म्हणजे जिना उतरता येईपर्यंत आणखी दोन सेशन्स घरी आणि उरलेली बारा क्लिनिकमध्ये. आमचे पैसे होतात १०,५००. पण रिक्षाचे जाऊन-येऊन १२० धरले तर बारा फेऱ्यांचे १,४४० वाढतात आणि बेरीज ११,९४० वर जाते. क्लिनिक स्वस्त हा समज इथे चुकतो. घरची गाडी असेल तर मात्र हाच मार्ग स्वस्त. पैसे बाजूला ठेवले तर आम्हीही तोच सुचवू, कारण सायकल आणि चालायचे दांडे घरी आणता येत नाहीत.

दिवसांचं म्हणाल, तर साधारण सहा आठवड्यांत घरातली कामं आणि काठीशिवाय थोडं चालणं जमतं. रंकाळ्यावर आरामात फेरी मारायला तीन महिने धरा. सूज आणि गुडघ्याची ऊब त्यानंतरही काही महिने राहू शकते. पंगतीत मांडी घालून बसायचं मात्र सर्जनना विचारल्याशिवाय नाही. सहा आठवडे होऊनही गुडघा ९० अंशांपर्यंत येत नसेल, तर आम्ही नवं पॅकेज देत नाही, आधी सर्जनकडे पाठवतो.

पॅकेज मध्येच थांबवलं, तर झालेल्या सेशन्सचे सुट्या दराने पैसे कापून उरलेले परत मिळतात. दर सेशनची तारखेसह पावती मागून घ्या. मेडिक्लेममध्ये ऑपरेशननंतरचा खर्च बसत असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर ती लागते.

पोटरी अचानक सुजली, दाबल्यावर दुखली, किंवा ताप येऊन जखमेतून पाणी येऊ लागलं, तर व्यायाम थांबवून आधी सर्जनना फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. त्या दिवशीचं सेशन आम्ही धरत नाही.