रेझ्युमेतली मांडणी: स्पेसऐवजी टॅब स्टॉप, इंडेंट आणि स्टाईल

रेझ्युमेच्या फाईलमध्ये मजकूर जागेवर बसवायला स्पेसबार न वापरता टॅब स्टॉप, इंडेंट आणि स्टाईल वापरली की नंतर एखादा शब्द बदलला तरी बाकीची मांडणी हलत नाही. इथली माहिती वर्डपुरती आहे, कारण मुंबईत झेरॉक्सच्या दुकानापासून ऑफिसपर्यंत रेझ्युमेची फाईल बहुतेक वर्डचीच फिरते.

सगळ्यात जास्त बिघडते ती नोकरीची ओळ. डावीकडे पद, उजव्या कडेला तारखा. समजा दादरच्या एका मुलीने ‘अकाउंट्स असिस्टंट’ लिहिलं, मग तारीख कडेला जाईपर्यंत स्पेस दाबत राहिली, आणि स्क्रीनवर ते छान दिसलं. दोन वर्षांनी बढती मिळाली, तिने पद बदलून ‘सिनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’ केलं, शब्द लांबला आणि मधल्या स्पेसने तारखेला ढकललं, त्यामुळे 2024 खालच्या ओळीत एकटंच जाऊन बसलं. मग तिने चार स्पेस काढल्या, ती ओळ सुधारली, पण वरखालच्या तारखांशी कड काही जुळेना. जुळणारच नाही, कारण कॅलिब्रीसारख्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते आणि 11 पॉइंटला एक स्पेस साधारण 0.9 मिमीची, म्हणजे तारीख सरकवायची तर त्याच मापाच्या उड्यांनी, त्याहून बारीक सरकतच नाही. फॉन्ट बदलला की सगळं परत नव्याने. अंधेरीच्या इंटरव्ह्यूला जाताना स्टेशनबाहेरच्या दुकानात प्रिंट काढली आणि तिथल्या मशीनवर तो फॉन्टच नसला तरी हेच होतं, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो याचं खरंच वाईट वाटतं.

आधी दुखणं बघायचं. Ctrl+Shift+8 दाबलं की लपलेल्या खुणा दिसतात: स्पेस म्हणजे ठिपका, टॅब म्हणजे बाण. पद आणि तारखेच्या मध्ये ठिपक्यांची माळ दिसली की समजायचं. ती माळ पुसून तिथे एकच टॅब द्यायचा. एकच, हे महत्त्वाचं. वर्डमध्ये टॅब आधीपासून 1.27 सेमीवर थांबतो, म्हणून लोक सहा-सात वेळा टॅब दाबून कड गाठतात, पण पद लांबलं की ती मांडणीही स्पेससारखीच मोडते.

आता तो बाण कुठे थांबायचा ते सांगायचं, म्हणजे टॅब स्टॉप लावायचा. A4 कागद 21 सेमी रुंद, दोन्ही बाजूंना 2.54 सेमी मार्जिन, म्हणजे मजकुराला उरले 15.92 सेमी. ओळीत कर्सर ठेवून Paragraph च्या खिडकीत खाली Tabs दाबायचं, 15.92 cm लिहायचं, Right निवडायचं, मग Set आणि OK. Right म्हणजे तारखेचा शेवट त्या जागी टेकतो आणि ती डावीकडे वाढते, म्हणून ‘2024’ च्या जागी ‘आजपर्यंत’ लिहिलं तरी उजवी कड सरळच.

हे प्रत्येक ओळीला वेगळं केलं तर पुढच्या वेळी प्रत्येक ओळ वेगळी दुरुस्त करावी लागेल. म्हणून ती ओळ निवडून Create a Style ने स्टाईल, म्हणजे त्या मांडणीचा नाव दिलेला साचा, बनवायची, Job Line असं काही नाव द्यायचं आणि बाकीच्या नोकऱ्यांच्या ओळींना तीच लावायची. दोन नोकऱ्यांमधलं अंतरही एंटर मारून न देता याच स्टाईलमध्ये वरती 6 पॉइंट द्यायचं, मग एखादी नोकरी काढली तर मागे रिकाम्या ओळी राहत नाहीत.

कामाच्या मुद्द्यांचंही तसंच. हाताने गोळा टाकून, दुसरी ओळ स्पेसने आत ढकलली तर एक शब्द वाढल्यावर त्या स्पेस ओळीच्या मधोमध खड्डा करतात. List Bullet स्टाईल लावली, इंडेंट Left 0.63 सेमी आणि Hanging 0.63 सेमी ठेवलं की गोळा कडेला राहतो आणि दुसरी ओळ आपोआप पहिल्या अक्षराखाली येते.

टॅब स्टॉपलाही मर्यादा आहे. एका पानात बसवायला मार्जिन 1.9 सेमी केलं तर मजकुराची रुंदी 17.2 सेमी होते, पण टॅब 15.92 वरच उभा राहतो, मग तारखा कडेपासून आत दिसतात. तेव्हा स्टाईलवर Modify, Format, Tabs असं जाऊन जुना काढायचा, 17.2 टाकायचा, सगळ्या ओळी एकदम सरकतात. एखादी ओळ सरकलीच नाही तर तिच्यावर आधी हाताने काहीतरी लावलेलं असतं, तिथे Ctrl+Q दाबलं की ती स्टाईलवर परत येते. आणि पदासोबत त्याच ओळीत कंपनीचं नावही असल्याने तारखेला जागाच उरत नसेल, तर टॅब काही करू शकत नाही, अशा वेळी कंपनीचं नाव खालच्या ओळीत न्यावं.