अंगठा लागत नाही, मग हयातीचा दाखला कसा द्यायचा?

केंद्र सरकारच्या पेन्शनरने दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. तो 30 नोव्हेंबरपर्यंत पोहोचला नाही, तर डिसेंबरचे पेन्शन थांबते. वय 80 पूर्ण झालेल्यांना महिनाभर आधी, म्हणजे 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, आणि तो पुढच्या वर्षीच्या 30 नोव्हेंबरपर्यंत चालतो. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर हा जादा महिना फार मोलाचा आहे. पहिला प्रयत्न फसला तरी दुसरा मार्ग धरायला वेळ उरतो.

एक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात 84 वर्षांच्या आजी आहेत. पक्षाघातामुळे त्यांची उजवी बाजू गेली आहे. त्यांना दोन पेन्शने आहेत: आयकर कार्यालयातल्या स्वतःच्या नोकरीचे एक आणि रेल्वेत असलेल्या यजमानांच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन दुसरे. पूर्वी त्या तालुक्याच्या गावी केंद्रावर जाऊन अंगठा देत. आता जाणे अशक्य, आणि मशीन घरी आणले तरी अंगठा लागत नाही.

अंगठा का लागत नाही, हे आधी समजून घेऊ. बोटाच्या कातडीवर बारीक उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा असतात. ठसा घेणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये काचेखालून प्रकाश सोडलेला असतो. जिथे उंचवटा काचेला टेकतो तिथे प्रकाश वेगळ्या प्रकारे परततो, आणि त्या फरकातून ठशाचे चित्र तयार होते. म्हातारपणी कातडीतला ताठपणा आणि ओलावा कमी होतो, उंचवटे बसके होतात. कोरडे उंचवटे काचेला नीट चिकटत नाहीत, त्यामुळे रेघा तुटक उमटतात. आयुष्यभर शेतात, भांड्यांत, चुलीशी राबलेल्या हातांवर तर त्या झिजलेल्याच असतात. अशा वेळी घरचे बोट धरून जोरात दाबतात. त्याने बसके उंचवटे आणखी पसरतात आणि चित्र आणखी बिघडते. बोट ओल्या फडक्याने पुसून, ओलसर असतानाच हलके टेकवावे. अंगठ्याचा हट्ट सोडून दुसरी बोटे लावून पाहावीत, कारण आधार नोंदणीत दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. आजींची उजवी मूठ आखडलेली आहे, पण डाव्या हाताचे मधले बोट लागू शकते.

तेही लागले नाही तर चेहरा. डिजिटल दाखल्याची ‘जीवन प्रमाण’ सोय नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झाली आणि मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची पद्धत नोव्हेंबर 2021 मध्ये आली. यासाठी वेगळे मशीन लागत नाही. किमान 5 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा अँड्रॉइड फोन आणि इंटरनेट पुरते. फोन घरातल्या कोणाचाही चालतो.

प्ले स्टोअरवरून दोन ॲप घ्यायची: `AadhaarFaceRD` आणि `Jeevan Pramaan`. पहिले चेहरा टिपते. ते बसवल्यावर उघडून काही करायचे नसते. गरज पडली की दुसरे ॲप त्याला बोलावते. ते बसवलेलेच नसेल तर दुसरे ॲप चेहऱ्यापाशी येऊन अडते, आणि घरच्यांना वाटते की आजींचा चेहराच जुळत नाही.

`Jeevan Pramaan` आधी फोन हाताळणाऱ्याची, म्हणजे ऑपरेटरची, नोंद मागते. इथे नातू स्वतःचा आधार क्रमांक, मोबाइल आणि ईमेल भरतो, आलेला ओटीपी घालतो आणि स्वतःचा चेहरा दाखवतो. ही नोंद त्या फोनवर एकदाच करायची असते. पुष्कळ जण इथेच आजींचा आधार क्रमांक टाकून कॅमेरा स्वतःकडे वळवतात, आणि पहिल्या पायरीवरच अडकतात. ऑपरेटरची नोंद झाली की मग पेन्शनरची पायरी येते: आजींचा आधार क्रमांक, मोबाइल, ओटीपी, पेन्शनची माहिती आणि शेवटी त्यांचा चेहरा.

या शेवटच्या क्षणी ॲप दोन गोष्टी तपासते. समोर जिवंत माणूस आहे की फोटो, हे पहिले. त्यासाठी ते डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. दुसरे म्हणजे, हा चेहरा त्याच आधार क्रमांकाच्या नोंदीतल्या चेहऱ्याशी जुळतो का. देशभरातल्या चेहऱ्यांत शोध घ्यायचा नसतो, एका नोंदीशी एकच तुलना होते. उत्तरही फक्त ‘जुळले’ किंवा ‘जुळले नाही’ एवढेच परत येते.

झोपलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही तपासण्या साध्या कारणांनी फसतात. खिडकी पाठीशी असेल तर चेहरा काळवंडतो. वरून दिवा असेल तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. पाठीखाली दोन उशा देऊन आजींना शक्य तितके उठते करावे, मागे साधी चादर किंवा भिंत असावी, उजेड समोरून यावा. फोन दुसऱ्याने त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर सरळ धरावा. वरून वाकून धरला तर चेहऱ्याची ठेवण वेगळी दिसते. चष्मा काढावा, पदर कपाळावरून मागे घ्यावा. आधारचा फोटो काढताना कवळी होती आणि आता ती काढून ठेवली असेल, तर ती बसवूनच प्रयत्न करावा, कारण कवळीविना गाल आणि ओठ आत जातात. पक्षाघातात एक पापणी पुरती मिटत नसेल तर उघडझाप टिपली जात नाही. अशा वेळी ‘जोरात मिटा’ म्हणण्यापेक्षा दोन्ही डोळे सावकाश मिटून सावकाश उघडायला सांगावे. आजी दमल्या असतील तर थांबावे. सकाळी, न्याहारीनंतर पुन्हा पाहावे.

बोट आणि चेहरा दोन्ही पुन्हा पुन्हा नाकारले जात असतील, तर एक गोष्ट आधी तपासा: आधारचे बायोमेट्रिक लॉक केलेले तर नाही ना? फसवणुकीच्या भीतीने मुलाने कधीतरी ते लॉक केलेले असते आणि नंतर सगळे विसरतात. लॉक असेल तर कितीही उजेड केला तरी उपयोग नाही. एमआधार ॲपमधून ते उघडता येते.

चेहरा जुळला, मोबाइलवर दाखल्याच्या क्रमांकाचा, म्हणजे प्रमाण आयडीचा, एसएमएस आला, की घरात सुटकेचा श्वास सोडला जातो. मला मात्र इथेच सर्वात जास्त सांगावेसे वाटते. दाखला तयार होणे आणि पेन्शन देणाऱ्या बँकेने तो स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजी हयात आहेत, एवढे चेहऱ्याने सिद्ध झाले. कोणते पेन्शन चालू ठेवायचे ते ठरते आपण भरलेल्या आकड्यांवरून: पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, पेन्शनचे खाते, मंजूर करणारे कार्यालय, पेन्शन देणारी बँक. यातला एक आकडा चुकला तर दाखला तयार होतो, पण बँकेच्या यादीत त्याला जोडीदार सापडत नाही आणि तो नाकारला जातो. घरच्यांना ते कळते पेन्शन थांबल्यावर.

आजींच्या बाबतीत चुकायला तीन जागा आहेत. पहिली, पेन्शने दोन म्हणजे पीपीओ दोन, आणि म्हणून दाखलेही दोन. एकदा चेहरा दाखवला म्हणजे दोन्ही झाले असे होत नाही; सगळी प्रक्रिया दुसऱ्या पीपीओसाठी पुन्हा करावी लागते. दुसरी, प्रकार. स्वतःच्या नोकरीच्या पेन्शनला ‘सर्व्हिस’ आणि यजमानांच्या पेन्शनला ‘फॅमिली’ निवडायचे. यजमानांच्या पीपीओवर त्यांचेच नाव आघाडीवर दिसते म्हणून तिथे त्यांचा आधार क्रमांक टाकू नये, आधार आजींचाच. तिसरी, मंजूर करणारा आणि देणारा यांतली गल्लत. रेल्वेने मंजूर केले, पैसे बँक देते. या दोन रकान्यांत उलटसुलट भरले की दाखला भलत्याच ठिकाणी जातो. खाते क्रमांक पासबुकावरून पाहून भरावा, पाठांतरावर विसंबू नये.

मग आठवडाभराने jeevanpramaan.gov.in वर प्रमाण आयडी टाकून स्थिती पाहावी. नाकारलेला दिसला तर घाबरायचे कारण नाही. चूक दुरुस्त करून नवा दाखला काढावा. गेल्या वर्षीचा प्रमाण आयडी यंदा चालत नाही. आणखी एक: पेन्शनरने पुन्हा नोकरी धरली असेल किंवा पुनर्विवाह केला असेल तर डिजिटल दाखला चालत नाही, त्यांना कागदी दाखलाच द्यावा लागतो.

घरात तसा फोन हाताळणारे कोणी नसेल तर पोस्टमन घरी येतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा नोव्हेंबर 2020 पासून आहे. पेन्शन कोणत्याही बँकेत असो, केंद्राच्या पेन्शनरला ती मिळते, आणि तिचा आकार 70 रुपये ठेवलेला आहे. गावच्या पोस्टात सांगून ठेवता येते. पोस्टमन येईल तेव्हा आधार, पीपीओ आणि पासबुक उशाशी असू द्यावे.

पेन्शन स्टेट बँकेत असेल तर व्हिडिओचा मार्गही आहे, आणि तो मोफत आहे. pensionseva.sbi या संकेतस्थळावर खाते क्रमांक आणि ओटीपी टाकल्यावर बँकेचा माणूस व्हिडिओवर येतो. पेन्शनरने मूळ पॅन कार्ड दाखवायचे आणि पडद्यावरचा चार आकडी क्रमांक वाचायचा. बोटही लागत नाही आणि पापणीही मिटत नाही, पण बोलता येते, अशा माणसासाठी हा मार्ग मला सर्वात माणुसकीचा वाटतो, कारण पाहणारा माणूस असतो.

वाचा गेली असेल, आधार नसेल, काहीच जुळत नसेल, तर जुना कागद आहेच. केंद्राच्या नियमांनुसार ठरावीक अधिकाऱ्यांनी सही केलेला हयातीचा छापील दाखला बँकेत दिला तर पेन्शनरने स्वतः जाण्याची गरज नाही. त्या यादीत राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी, पोस्टमास्तर, बँक अधिकारी असे लोक आहेत. अधिकाऱ्याने माणूस डोळ्यांनी पाहून सही करायची असते, म्हणून त्यांना घरी आणण्याची व्यवस्था करावी. सोबत अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि शिक्का स्पष्ट हवा. आजारी पेन्शनरच्या घरी माणूस पाठवण्याची सूचना बँकांनाही आहे. शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सही करता येत नसेल तर हाताचा, तोही नसेल तर पायाचा अंगठा, दोन साक्षीदारांसमोर.

वर सांगितलेले केंद्राच्या पेन्शनरचे झाले. भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस पेन्शनरला नोव्हेंबरचे बंधन नाही. दाखला दिल्यापासून 12 महिने तो चालतो, म्हणून त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. महाराष्ट्र शासनाच्या पेन्शनरांसाठी कोषागार बँकेकडे यादी पाठवते आणि तिथे नावासमोर सही करायची असते. जाता येत नसेल तर आधी कोषागाराला विचारून मार्ग ठरवावा.

या दिवसांत ‘कोषागारातून बोलतोय, पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा’ असे फोन येतात. त्यांना काहीही सांगू नये, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून ॲप घेऊ नये.

इतके करूनही 30 नोव्हेंबर हुकलाच, तर पेन्शन बुडत नाही, थांबते. पुढच्या महिन्यांत दाखला पोहोचला की थकबाकीसह ते पुन्हा सुरू होते. आजींच्या दोन पेन्शनांपैकी एकच थांबले, तर दुसऱ्या पीपीओचा दाखला राहिला आहे का, हे आधी पाहावे.