काय होणार ते ठाऊक नसतं, तेव्हा पाय हलतो

मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या उमेदवारांकडे थोडा वेळ नीट पाहा. कुणाची टाच जमिनीवर एकसारखी वरखाली होत असते, कुणी कानामागची बट बोटाला गुंडाळतं आणि सोडतं, कुणी पेनाचं टोपण उघडतं-लावतं. मग शिपाई एकाचं नाव पुकारतो. त्या क्षणी त्याचा पाय थांबतो. खरं तर भीतीचं काम आता सुरू व्हायचं आहे, तरी पाय थांबतो. या चाळ्यांमागे नुसती भीती असती, तर नाव पुकारल्यावर ते वाढायला हवे होते. मला यातलं सगळ्यांत महत्त्वाचं इथेच दिसतं: पाय हलवणारी गोष्ट म्हणजे धोका कमी आणि 'पुढे काय होणार ते कळत नाही' ही अवस्था जास्त.

याचा पहिला धागा प्राण्यांकडे बघणाऱ्यांच्या हाती लागला. 1940 साली निको टिनबर्गन आणि आड्रियान कोर्टलांट या दोन डच अभ्यासकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच विचित्र वागण्याकडे लक्ष वेधलं. दोन कोंबडे झुंजायला समोरासमोर उभे राहतात. हल्ला करावा की पळावं, याचा निकाल लागत नाही. अशा वेळी मध्येच एखादा कोंबडा जमिनीवर दाणे टिपायला लागतो. दाणे नसतात, त्याला भूकही नसते. स्टिकलबॅक नावाचा छोटा मासा शेजाऱ्याच्या हद्दीच्या रेषेवर आला की भांडायचं सोडून डोकं खाली करून वाळू उकरतो. दोन उलट्या प्रेरणा एकमेकींना अडवून धरतात आणि शरीर तिसरंच काहीतरी करू लागतं. अशा हालचालींना विस्थापित वर्तन म्हणतात. पक्षी चोच पुसतात, माकडं अंग खाजवतात, माणूस केसांशी खेळतो. स्वतःचं अंग नीटनेटकं करण्याच्या रोजच्या क्रियाच बहुधा यासाठी वापरल्या जातात, कारण त्या इतक्या मुरलेल्या असतात की त्यांना विचार लागत नाही.

हे वर्णन झालं. पण खाजवणं आणि मनाची अस्वस्थता यांचा खरोखर संबंध आहे, हे कसं ठरवणार? माकडाला विचारता येत नाही. इथे लांब शेपटीच्या मकाक माकडांवरचं काम उपयोगी पडलं. माथेरानला पर्यटकांच्या पिशव्या ओढणारी माकडं याच मकाक कुळातली. 1991 साली फिलिपो ऑरेली आणि कारेल व्हान शाइक यांनी या माकडांच्या भांडणांनंतरची मिनिटं बारकाईने पाहिली. मार खाल्लेलं माकड बाजूला जाऊन बसतं आणि एरवीपेक्षा कितीतरी जास्त खाजवायला लागतं. भांडण संपलेलं असतं, समोर कुणी दात विचकत नसतं. मग आता कसली अस्वस्थता? भांडणानंतर त्याच माकडावर पुन्हा हल्ला होण्याची शक्यता बरीच वाढलेली असते, आणि तो कधी, कुणाकडून होईल, की होणारच नाही, हे त्याला ठरवता येत नाही.

याच अभ्यासातला पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. काही वेळा भांडलेली दोन माकडं थोड्याच वेळात एकमेकांजवळ येतात, अंगाला अंग लावतात, समेट करतात. समेट झाला की मार खाल्लेल्या माकडाचं खाजवणं झपाट्याने खाली येऊन नेहमीच्या पातळीवर स्थिरावतं. त्याचं दुखणं तेवढंच असतं, गटातलं त्याचं स्थान तेच असतं. बदललेली गोष्ट एवढीच, की आता पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असतं.

पुढे इटलीतल्या संशोधकांनी याच जातीच्या माकडांवर औषधांची परीक्षा केली. माणसांची चिंता कमी करायला वापरतात ते लोराझेपाम दिलं, तर माकडांचं खाजवणं कमी झालं. उलट चिंता वाढवणारं रसायन दिलं, तर खाजवणं वाढलं. अंगावर कीड किंवा खाज तेवढीच असताना केवळ चिंतेचा काटा वरखाली केल्याने खाजवणं वरखाली झालं, म्हणून हा पुरावा भक्कम मानतात.

माणसांवर अनिश्चिततेची थेट मोजणी 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाली. 45 जणांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवले आणि कोणत्या दगडाखाली साप आहे याचा अंदाज करायला सांगितलं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका बसे. सापाची शक्यता मध्येच बदलत राही. त्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला, तेव्हा ताण सर्वांत जास्त कधी दिसला? झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका नक्की बसणार हे कळल्यावर लोक त्यापेक्षा शांत होते. दवाखान्यात रिपोर्टची वाट पाहताना जीव का टांगणीला लागतो, याचं इतकं नेमकं मोजमाप मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता प्रश्न असा, की पाय हलवून किंवा केस गुंडाळून काही साधतं का? जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात 1993 साली तयार झालेली ताणाची एक चाचणी आज जगभर वापरली जाते. अनोळखी परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायचं आणि मग पाच मिनिटं मोठ्याने वजाबाकी करायची: 1022 मधून 13, म्हणजे 1009, मग 996, मग 983, 970, असं पुढे. चुकलात की पुन्हा 1022 पासून. परीक्षकांना सक्त सूचना असते, की चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. मान डोलवायची नाही, हसायचं नाही. म्हणजे बोलणाऱ्याला आपलं कसं चाललंय हे शेवटपर्यंत कळत नाही. माकडाच्या 'आता काय होईल' या अवस्थेत माणसाला बसवण्याचाच हा प्रकार.

लंडनच्या रोहॅम्प्टन विद्यापीठातल्या चांगिझ मोहियेद्दिनी आणि स्टुअर्ट सेम्पल यांनी अशा चाचणीच्या वेळचे लोकांचे चाळे मोजले: खाजवणं, ओठ चावणं, चेहऱ्याला हात लावणं. 2013 साली त्यांनी मांडलं, की ज्या पुरुषांनी असे चाळे जास्त केले, त्यांना ताण कमी जाणवला. म्हणजे चाळा ही नुसती ताणाची खूण नसावी, तो ताण थोडा उतरवतही असावा. पण बायकांमध्ये असा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी चाळेही पुरुषांच्या जवळपास निम्मेच केले. लहानपणापासून 'हात स्थिर ठेव, नीट बस' हे मुलींना जास्त ऐकावं लागतं म्हणून, की त्यांचे मार्ग वेगळे असतात म्हणून, हे या एका प्रयोगावरून ठरवू नये.

केसांचं काम पायापेक्षा थोडं वेगळं आहे, कारण त्यात स्वतःला स्पर्श आहे. आपल्या लव असलेल्या त्वचेत सावकाश, हलक्या स्पर्शाला जागे होणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर इतक्या वेगाने हात फिरला की ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. आई मुलाच्या अंगावरून हात फिरवते तो साधारण हाच वेग. 2021 साली जर्मनीत ताणाची चाचणी देणाऱ्यांपैकी काहींना आधी 20 सेकंद स्वतःच्या छातीवर आणि पोटावर हात ठेवून बसायला सांगितलं. त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी राहिलं. तोंडाने मात्र त्यांनी ताण तेवढाच सांगितला. केसाची बट बोटाभोवती फिरवणं हे याच जातीचं, स्वतःच स्वतःला थोपटण्यासारखं काम असावं, असा माझा कयास आहे.

पायाकडे परत येऊ. ताणात अॅड्रेनालिन वाढतं, स्नायूंकडे रक्त वळतं, शरीर पळायला तयार होतं आणि आपण मात्र बाकावर बसलेले असतो. पोटरी हा चालण्या-पळण्याचा मुख्य स्नायू. चवडा टेकवून टाच उचलली की अगदी थोड्या श्रमात ती डुगडुगत राहते. 'बसून पाय हलवू नकोस, घरात लक्ष्मी टिकत नाही' असं घरातली मोठी माणसं म्हणतात. समोरच्याला त्याचा त्रास होतो हे खरं, पण पायाला स्वतःला फायदाच होतो. 2016 साली अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात 11 तरुणांना तीन तास बसवलं. एक पाय स्थिर ठेवायचा, दुसरा एक मिनिट हलवायचा आणि चार मिनिटं थांबवायचा. हलणारा पाय मिनिटाला सरासरी 250 वेळा हलत होता. तीन तासांनी स्थिर पायाच्या गुडघ्यामागच्या धमनीची फुलण्याची क्षमता घटली होती, हलवलेल्या पायाची उलट सुधारली होती.

प्रत्येक हलणारा पाय चिंतेचा नसतो. 1885 साली फ्रान्सिस गॅल्टन यांनी एका कंटाळवाण्या व्याख्यानात श्रोत्यांची चुळबुळ मोजली. घड्याळ काढलं तर लोक सावध होतील, म्हणून ते स्वतःच्या श्वासांवर मिनिट मोजत होते. दर माणशी मिनिटाला सुमारे एक हालचाल भरली, आणि श्रोते रंगले की ती निम्म्याहून खाली गेली. कंटाळ्याचा चाळा असा विषय रंगला की थांबतो. चिंतेचा चाळा थांबतो तो निकाल कळल्यावर. कोणता कोणता हे ओळखायला एवढी खूण बहुतेक वेळा पुरते.

आणि काही पाय निकाल कळूनही थांबत नाहीत, तिथे डॉक्टरांची गरज असते. संध्याकाळी किंवा रात्री पडल्यावर पायात आतून वळवळ होते, हलवल्याशिवाय राहवत नाही आणि हलवलं की लगेच बरं वाटतं, हे रेस्टलेस लेग्ज नावाच्या विकाराचं लक्षण. त्यामागे अनेकदा शरीरातला लोहाचा साठा कमी असतो, म्हणून रक्तातलं फेरिटिन तपासतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड किंवा मानसिक आजारांवरची काही औषधं सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत माणूस जागेवर बसूच शकेनासा झाला, तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. डॉक्टरांना हे लगेच सांगावं, कारण घरचे त्याला घबराट समजतात आणि दिवस वाया जातात.

केस गुंडाळणं आणि केस उपटणं यांतली सीमा आरशात दिसते. एका जागी केस विरळ होतात आणि त्या जागी लांब, आखूड, तुटलेले असे मिसळलेले केस दिसतात. तिथे रागावून उपयोग होत नाही. 1973 पासून वापरात असलेली सवय उलटवण्याची पद्धत त्यावर चालते. आधी हात डोक्याकडे जाण्यापूर्वी काय घडतं ते टिपायचं: कोणती खुर्ची, कोणती वेळ, कोणता हात. मग तसं घडलं की त्याच हाताची मूठ वळून ती इच्छा ओसरेपर्यंत, मिनिटभर किंवा जास्त, घट्ट धरून ठेवायची. बहुतेकांना पहिला आठवडा नुसत्या टिपण्यातच जातो, आणि तो तसा जाऊ द्यावा.