आजारी मित्रासाठी मध्यस्थीची प्रार्थना

दुसऱ्याची बाजू घेऊन देवापाशी त्याच्यासाठी मागणे याला ख्रिस्ती परंपरेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. गंभीर आजारी मित्रासाठी केलेली प्रार्थना हा तिचा सर्वांत ओळखीचा प्रकार. ख्रिस्त हाच देव आणि मनुष्य यांच्यामधला एक मध्यस्थ, असे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र सांगते (2:5). म्हणून माणसाची मध्यस्थी स्वतंत्र नसते. ती ख्रिस्ताच्या नावाने, त्याच्याद्वारे केली जाते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या संतांनाही ‘आमच्यासाठी विनंती करा’ म्हणतात, प्रोटेस्टंट म्हणत नाहीत. पण मित्राने मित्रासाठी पित्याकडे मागावे, यावर वाद नाही.

या प्रार्थनेचे मूळ चित्र मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कफर्णहूम गावात चौघेजण एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात. दारात गर्दी असते, तेव्हा ते छप्पर उकरतात आणि त्याला बाजेसकट येशूपुढे खाली सोडतात. येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहून बोलतो. आजारी माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही. ज्याच्यात प्रार्थनेची ताकद उरलेली नाही त्याला इतरांनी उचलून न्यायचे, ही कल्पना इथून येते. याकोबाच्या पत्रात (5:14-16) आजाऱ्याने मंडळीतल्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे.

लिहायला बसल्यावर जुन्या ‘कलेक्ट’ या छोट्या प्रार्थनेचा साचा अजूनही कामी येतो. त्यात आधी देवाला हाक, मग त्याने पूर्वी केलेल्या एखाद्या गोष्टीची आठवण, मग मागणे, ते कशासाठी हे, आणि शेवटी ख्रिस्ताचे नाव. दुसरा भाग निव्वळ स्तुती नसतो. पुढच्या मागण्याचा आधार तिथेच घातलेला असतो. अतिदक्षता विभागात असलेल्या मैत्रिणीसाठी अशी प्रार्थना लिहिता येईल:

‘हे दयाळू पित्या, तुझा पुत्र आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेजवळ रडला. आमची मैत्रीण आज श्वासासाठी झगडत आहे. तिला बरे कर. आज रात्री तिला झोप लागू दे, जाग आलीच तर तिची भीती दूर कर. तिच्यावर उपचार करणाऱ्यांचे हात स्थिर ठेव, बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला धीर दे, म्हणजे तू जवळ आहेस हे त्या दोघींना कळेल. तरी आमच्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्याद्वारे मागतो. आमेन.’

यात ‘तिला बरे कर’ हे तीन शब्द उघड आहेत, आणि ‘तुझी इच्छा’ त्यांच्यानंतर येते. हा क्रम महत्त्वाचा. गेथशेमाने बागेत, अटकेआधी, येशूने आधी दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती केली, मगच स्वतःला पित्याच्या स्वाधीन केले (मार्क 14:36). अनेकजण पहिल्याच वाक्यात ‘तुझ्या इच्छेत असेल तर’ म्हणून मोकळे होतात. त्याला नम्रता म्हणतात. बऱ्याचदा ती मागायचीच भीती असते, उत्तर ‘नाही’ आले तर आधीच काढून ठेवलेली पळवाट. उलट, स्वाधीनतेचे वाक्य गाळून ‘ती बरी झालीच आहे’ असे जाहीर करणे हा दुसरा टोकाचा दोष. प्रकृती बिघडली की मग विश्वास कुणाचा कमी पडला, याचा शोध सुरू होतो आणि बोट आजाऱ्याकडेच वळते. प्रेषित पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे सतत छळणारा एक त्रास, काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढे उत्तर मिळाले (2 करिंथ 12). त्रफिम या सोबत्याला तर त्याने मिलेत इथे आजारीच मागे ठेवले (2 तीमथ्य 4:20).

खाटेशेजारी मोठ्याने म्हटलेल्या प्रार्थनेत आणखी एक घसरण होते. तोंड देवाकडे आणि बोलणे रुग्णाला: ‘प्रभू, तिला पश्चात्तापाची बुद्धी दे.’ हे प्रवचन झाले, आणि ऐकणारी उठून जाऊ शकत नाही. आजाराचा तपशील मंडळीपुढे किती सांगायचा हेही आधी तिलाच विचारावे. नाव आणि ‘आजारी आहे’ एवढे पुरते. लाजराच्या बहिणींनी पाठवलेला निरोप याहून लांब नव्हता: ज्याच्यावर आपण प्रेम करता तो आजारी आहे (योहान 11:3). त्यात मागणेसुद्धा नाही.

परिणाम मोजण्याचेही प्रयत्न झाले. 2006 साली अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या सुमारे 1800 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही; आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे पक्के ठाऊक असलेल्यांत ती थोडी जास्तच आढळली. बहिणींच्या निरोपासारखी, ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसासाठी केलेली विनवणी त्या अभ्यासाने तपासलेली नव्हती.

मरण जवळ आले की मागणे बदलते. ‘बरे कर’च्या जागी वेदना कमी होवोत, शांतीने जाऊ दे, असे शब्द येतात. तेही सुचेनासे झाले तर रोमकरांस पत्रातला (8:26) आधार घेतात: काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. अशा वेळी खाटेजवळ हात धरून गप्प बसणे हीदेखील प्रार्थनाच धरली जाते.