फटाक्यांमुळे होणारा कर्णाघात

फटाका कानाजवळ फुटल्यावर ऐकण्याच्या यंत्रणेला एका क्षणात होणारी इजा. कान एकदम सुन्न होतो, आत ‘कुंई’ असा सूर सुरू होतो आणि समोरच्याचं बोलणं रजईखालून आल्यासारखं वाटतं. मराठीत याला कानठळ्या बसणं किंवा दडा बसणं म्हणतात. ‘दडा’ या शब्दाचा एक तोटा मात्र आहे. पोहून आल्यावर पाण्याने, सर्दीने किंवा मळानेही दडा बसतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो सहज निघेल असंच वाटतं. फटाक्यानंतरचा दडा कधी कानाच्या पडद्याचा असतो, तर कधी आतल्या कानाचा. आतल्या कानाचा असेल तर वाट पाहण्यात उपचाराची वेळ निघून जाते.

इंदूरच्या रामबाग किंवा नारायण बागेतल्या जुन्या मराठी घरांत दिवाळीच्या दिवसांत घडू शकणारं उदाहरण घेऊ. लक्ष्मीपूजनाची रात्र आहे. सुतळी बॉम्बची वात विझली असं समजून पस्तिशीचा एक जण वाकून पाहायला जातो आणि बॉम्ब फुटतो. उजवा कान सुमारे एक मीटरवर असतो. भाजत नाही, रक्तही येत नाही. घरात सगळे म्हणतात, नशीब. झोपताना उजव्या कानात कुंई चालू असते आणि सकाळी पाडव्याच्या औक्षणाला बायको ताटात ‘साठ’ रुपये ठेवा म्हणते, ते त्याला ‘आठ’ ऐकू येतं.

साठचा आठ होण्यात आजाराची खूण आहे. ‘स’, ‘श’, ‘फ’ या व्यंजनांची ऊर्जा उच्च कंप्रतेत असते, स्वर मात्र खालच्या कंप्रतेत राहतात. मोठ्या धमाक्याने आधी दुखावतो तो ४००० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग. त्यामुळे माणसाला आवाज कळतो, पण शब्द निसटतात.

१९९९च्या केंद्र सरकारच्या नियमानुसार फुटणाऱ्या फटाक्याचा आवाज चार मीटरवर १४५ डेसिबल (शिखर पातळी) यापेक्षा जास्त नको. ही अट चार मीटरची आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, म्हणजे नियमात बसणारा फटाकाही दोन मीटरवर १५१ आणि एका मीटरवर १५७ वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजांसाठी मोठ्यांना १४० आणि मुलांना १२० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. त्याच हिशेबाने मोठ्या माणसाला सात मीटरवर उभं राहावं लागेल आणि मुलाला सत्तर मीटरवर. राजवाड्याजवळच्या गल्ल्यांत सत्तर मीटर म्हणजे दुसरी गल्लीच, आणि भिंतींवरून परतणारा आवाज वेगळा. शिवाय घरगुती कार्बाईड गनसारख्या गोष्टी कुठल्याच मापात बसत नाहीत.

कानाला स्वतःचं संरक्षण आहे, पण ते सावकाश जागं होतं. मधल्या कानातला एक इवलासा स्नायू मोठा आवाज आला की आकसतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. त्याला त्यासाठी सेकंदाचे काही शंभरावे भाग लागतात, आणि फटाक्याचा दाब त्याआधीच आत पोहोचलेला असतो. तो गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत, कॉक्लियात, जातो आणि तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी ताणतो. माणसाला यांतल्या बाह्य केसपेशी प्रत्येक कानात सुमारे बारा हजारच मिळतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. काही पेशी फक्त दमलेल्या असतात, त्या एक-दोन दिवसांत किंवा काही आठवड्यांत सावरतात. पहिल्या रात्री कुठली पेशी दमली आणि कुठली गेली, हे बाहेरून कोणालाच कळत नाही.

पण दोष पडद्यात आहे की आतल्या कानात, हे घरी थोडंफार ताडता येतं. तोंड मिटून ‘म्‌’ असं हलक्या आवाजात गुणगुणायचं आणि सूर कुठल्या बाजूला ऐकू येतो ते पाहायचं. दुखऱ्या बाजूला जास्त वाटला, तर अडथळा बहुधा पडद्यात किंवा मधल्या कानात आहे. चांगल्या बाजूला सरकला, तर आतला कान दुखावला असण्याची शक्यता जास्त. कान-नाक-घसा तज्ज्ञ हेच ५१२ हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कने करतात. दोन्ही कानांना सारखंच लागलं असेल तर ही युक्ती निरुपयोगी, आणि उत्तर काहीही आलं तरी तपासणीला पर्याय नाही. आपल्या उदाहरणातल्या माणसाचा सूर डावीकडे जातो.

पहिल्या तासात करायचं ते थोडंच आहे. गोंगाटातून बाहेर पडायचं. दडा बसल्याने पुढचे फटाके हळू वाटतात आणि माणूस उलट तिथेच थांबतो. पुढचे काही दिवस इअरफोन, ढोल, डीजे सगळं बंद. रात्री शांततेत कुंई जास्त जाणवते, तेव्हा पंख्याचा आवाज असू द्यावा.

कानात काही घालू नये. आपल्या घरांत आजी लसणाचं तेल कोमट करून घालायला निघते, तिचा हेतू चांगला असतो. पण पडदा फाटला असेल तर ते तेल थेट मधल्या कानात जातं आणि जंतूंना वाट करून देतं. पाणी, थेंब, कापसाची काडी यांचंही तेच. फाटलेला पडदा बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, फक्त कोरडा ठेवावा लागतो. आंघोळीला कानाच्या तोंडाशी व्हॅसलिन लावलेला कापूस ठेवावा आणि नाक जोरात शिंकरू नये.

चक्कर येत असेल, कानातून रक्त किंवा पाणी येत असेल, एक बाजूचा चेहरा लुळा पडला असेल किंवा कान जवळजवळ बंद असेल, तर त्याच रात्री दवाखाना गाठावा. इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग दिवाळीतही चालू असतो. अशी लक्षणं नसतील तरी दुसऱ्या दिवशी ऐकणं नेहमीसारखं नसेल तर तज्ज्ञाला दाखवावं. नेमकं इथेच पाडवा आणि भाऊबीज आडव्या येतात. खासगी दवाखाने बंद, पाहुणे घरात, ‘भाऊबीज उरकून जाऊ’ म्हणत तीन दिवस जातात.

तज्ज्ञ दुर्बिणीतून पडदा पाहतात आणि ऑडिओमेट्री करतात, म्हणजे प्रत्येक कंप्रतेचा किती हळू आवाज ऐकू येतो ते मोजतात; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. उदाहरणातल्या माणसाचा आलेख असा निघू शकतो : १००० हर्ट्‌झपर्यंत १५ डेसिबल, म्हणजे ठीक, ४००० ला ६० पर्यंत खड्डा, ८००० ला थोडी सुधारणा, ४५. हा खड्डा ध्वनिइजेची ओळख मानला जातो. अशा वेळी डॉक्टर बहुधा प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड ठरावीक दिवस देतात. ही रीत मुख्यतः अचानक येणाऱ्या बहिरेपणाच्या उपचारातून आली आहे. धमाक्याच्या इजेत तिचा पुरावा तितका भक्कम नाही, पण द्यायचंच तर लवकर, हे बहुतेक तज्ज्ञ मानतात. मधुमेह्यांची साखर त्याने वाढते, म्हणून ते दुकानातून स्वतःहून घेऊ नये.

काही आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या आलेखात ४००० चा ६० खाली येऊन ३० झाला, तर साठ आणि आठ वेगळे ऐकू येऊ लागतात. कुंई मात्र कधी कधी मागे राहते, कारण आतून कमी येणारी माहिती भरून काढायला मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. क्वचित आलेख पूर्ण सरळ होतो, तरीही लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचं बोलणं कळत नाही. केसपेशी वाचल्या, पण त्यांना जोडलेले मज्जातंतूंचे दुवे तुटले, असं यात झालेलं असू शकतं, आणि नेहमीची ऑडिओमेट्री ते पकडत नाही.